सेकंड इयर, कोर्टातला अनुभव शून्य, सर्किट बेंचच्या वकिलांना इंटर्नशिपसाठी कव्हर लेटर कसं लिहू?

उदगावची_पोर
नमस्कार मंडळी. मी पाच वर्षांच्या लॉ कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज कोल्हापुरातच. 18 ऑगस्ट 2025 ला इथं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हापासून आमच्या वर्गात सगळ्यांचं एकच चाललंय की आता हायकोर्टाची इंटर्नशिप करायला मुंबईत खोली शोधायला नको. मलाही करायचीय. एक मॅडम आहेत, आधी मुंबईला अपिलेट साईडला जमिनीच्या अपिलांची प्रॅक्टिस करायच्या आणि आता इथं जास्त असतात, त्यांना मेल करायचाय. घरात कुणी वकील नाही, ओळख नाही, आधी कुठं इंटर्नशिप केलेली नाही. पत्र इंग्रजीत आहे पण इथं मराठीत टाकते, बघून सांगा काय चुकतंय.

"आदरणीय सर/मॅडम, मी लॉच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी असून लहानपणापासून मला न्यायक्षेत्राची ओढ आहे. आपल्या नामांकित चेंबरमध्ये शिकण्याची संधी मिळाल्यास मी आपली ऋणी राहीन. माझं लीगल रिसर्च आणि ड्राफ्टिंग उत्तम असून मी मेहनती, वक्तशीर आणि टीम प्लेयर आहे. मला यापूर्वी कायद्याच्या कामाचा कोणताही अनुभव नाही, तरी कृपया संधी द्यावी. 1 मे ते 15 जून या काळात कोर्टाचं कामकाज पाहण्यासाठी मी उपलब्ध आहे."

सीबीडी_बेलापूर
मी फर्ममध्ये असोसिएट आहे, आमच्याकडे इंटर्नचे मेल माझ्याकडेच येतात म्हणून सांगतो. पहिलं म्हणजे "सर/मॅडम" बघितलं की कळतं हा मेल पन्नास जणांना गेलाय. नाव लिही. सीव्ही एका पानाचा, पीडीएफ, फाईलच्या नावात तुझं नाव आणि महिना. आणि अनुभव नाही हे वाक्य काढूनच टाक, कशाला स्वतःहून सांगायचं. त्याजागी मूट कोर्ट, पेपर पब्लिकेशन, एखादा सर्टिफिकेट कोर्स असं टाक. रिसर्च डेटाबेस वापरता येतात हेही टाक, फर्ममध्ये ते लागतंच. अर्ज दोन-तीन महिने आधी कर.

उदगावची_पोर
मूट अजून एकही नाही केलं, आमच्याकडे तिसऱ्या वर्षापासून पाठवतात. डेटाबेसचं पण कॉलेजच्या लायब्ररीत एकच कॉम्प्युटर आहे आणि तिथं सीनियर बसलेले असतात, मी फारतर दोनदा उघडलाय. मग काय टाकू?

गट_नंबर_वाला
कोल्हापूरच्या वकिलांचा धागा दिसला म्हणून इथंच विचारतो. आमची शिरोळ तालुक्यात जमीन आहे, आजोबांच्या नावावर होती. ते वारल्यावर वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर काका आणि आत्या लागले, आमच्या वडिलांचं नावच नाही. वडील आजोबांच्या आधीच गेले. काका म्हणतात तेव्हा सगळ्यांना विचारून केलंय. आम्हाला काय माहीत नाही. चांगला वकील सांगा लवकर.

उदगावची_पोर
दादा, वकील कोण ते मला नाही सांगता येणार, पण आधी एक करा. सातबाऱ्यावर काकांच्या नावाच्या ओळीत फेरफार नंबर असतो, तो घ्या आणि त्या नंबरचा फेरफार उतारा काढा. त्यात वर्दी कुणी दिली, वारस म्हणून कोणकोण दाखवले, नोटीस कुणाकुणाला गेली आणि मंडल अधिकाऱ्यांनी कुठल्या तारखेला नोंद प्रमाणित केली हे सगळं सापडेल. तुमचे वडील आधी गेलेत म्हटल्यावर त्यांच्या जागी तुमची नावं यायला पाहिजे होती, पण वर्दी देणारा बऱ्याचदा हयात असलेल्यांचीच नावं सांगतो आणि एक अख्खी शाखा गळते. नोंद जुनी असेल तर हाताने लिहिलेली असेल, त्याची नक्कल तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करून घ्यावी लागेल. मी सुट्टीत मामाच्या महा ई-सेवा केंद्रात बसते, असली प्रकरणं रोज येतात तिथं.

जुनं_दप्तर
पोरी, हे जे आत्ता लिहिलंस ते तुझ्या कव्हर लेटरमध्ये का नाही?

उदगावची_पोर
ते सर, ते काही लीगल काम नाही ना. झेरॉक्स काढायची, उतारे द्यायचे, अर्ज भरायचे. मामाचं दुकान आहे ते.

जुनं_दप्तर
मी बरीच वर्षं अपिलेट साईडला प्रॅक्टिस करतोय, जमिनीच्या मॅटर जास्त. थोडं सविस्तर लिहितो.

सर्किट बेंचकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे आहेत. इथून वर येणाऱ्या दिवाणी कामात वाटणीचे दावे, वहिवाट, कुळकायदा, महसुलाचे वाद भरपूर असतात. अशा मॅटरची फाईल म्हणजे जाडजूड गठ्ठा आणि त्यातला बराचसा भाग मराठीत. फेरफार, जबाब, पंचनामा, जुनं खरेदीखत, खालच्या कोर्टातले साक्षीपुरावे. हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं. मग या कागदांची भाषांतरं लागतात, हाताने लिहिलेलं वाचता येत नसेल तर टाईप करून जोडावं लागतं, आणि हे नीट नसलं की रजिस्ट्री ऑब्जेक्शन काढते आणि मॅटर बोर्डावर येतच नाही. अक्षर पुसट, पान नंबर चुकला, भाषांतर जोडलं नाही, असल्या गोष्टींसाठी ज्युनियरचे दिवस जातात.

आता सांग, सेकंड इयरच्या पोराकडून मला काय पाहिजे असेल? ड्राफ्टिंग नको. तुला अजून सीपीसी शिकवलेलं नाही आणि "माझं ड्राफ्टिंग उत्तम आहे" असं लिहिलंस की पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणणार, बरं मग हे डिलेचं अॅप्लिकेशन करून दे. मला पाहिजे असतं असं माणूस की ज्याच्या हातात 1970 सालचा फेरफार दिला तर तो न घाबरता वाचेल, त्यातलं एकर-गुंठे आणि आताच्या उताऱ्यावरचं हेक्टर-आर यांचा मेळ लावेल आणि नोंदीची तारीख वेगळी, प्रमाणित केल्याची तारीख वेगळी हे त्याला सांगावं लागणार नाही. शहरातल्या मोठ्या कॉलेजातून येणाऱ्या हुशार मुलांना हे येत नाही, त्यांचा काही दोष नाही, त्यांनी कधी बघितलेलंच नसतं. तू बघितलंयस.

आणि तुझ्या शेवटच्या वाक्यात दोन अडचणी आहेत. मे महिन्यात हायकोर्टाला उन्हाळी सुट्टी असते, जूनच्या सुरुवातीपर्यंत. तातडीची कामं सोडली तर तू बघणार काय? मॅडमनी ते वाचलं की त्यांना एवढंच कळणार की या मुलीने कोर्टाचं कॅलेंडर उघडलेलं नाही. साईटवर असतं ते, बघून तारखा टाक. दुसरं, बार कौन्सिलच्या नियमात एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त इंटर्नशिप धरत नाहीत आणि तू सहा आठवडे मागितलेस. पाच वर्षांच्या कोर्सला एकूण वीस आठवडे करायचे असतात, ते वर्षावर्षात विभागून.

तिसरी_बेंच
सुट्टीचं खरंय पण सर सगळे कॉलेजवाले मेमध्येच जातात कारण तेव्हाच परीक्षा संपलेली असते ना. जूनमध्ये कोर्ट उघडेपर्यंत आमचं पुढचं सेमिस्टर तोंडावर येतं. आणि चेंबरला सुट्टीतच वेळ असतो शिकवायला, बाकी वेळेला कोण बघतं इंटर्नकडे. माझ्या मते मे चांगला.

जुनं_दप्तर
मुद्दा बरोबर आहे. सुट्टीत चेंबर बंद नसतं, कोर्ट उघडल्या उघडल्या जे फाईल करायचंय त्याची तयारी तेव्हाच होते आणि मराठी कागदांचं काम तर तेव्हाच निघतं. पण मग पत्रात तसं लिहायचं. "कोर्टाचं कामकाज पाहायला" मे मागायचा नाही, "फायलिंगच्या तयारीत मदत करायला" मे मागायचा. मी असतो तर मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचे पहिले तीन असं मागितलं असतं, म्हणजे आधी कागद हाताळता येतात आणि मग तेच मॅटर बोर्डावर आलेलं बघता येतं. बाकी तुमच्या परीक्षा कधी संपतात त्यावर आहे.

सीबीडी_बेलापूर
मला हे ई-सेवा केंद्राचं पटत नाही. फर्मला असं काही पाठवलं तर एचआरला कळणारच नाही काय ते. प्रोफेशनल वाटत नाही.

जुनं_दप्तर
फर्मला पाठवायचं असेल तर तुमचं म्हणणं ऐकावं तिने. तिथे कंपन्यांचं काम, तिथे फेरफार कोण बघणार. पण ती फर्मला लिहीत नाहीये, जमिनीची अपिलं चालवणाऱ्या एका वकिलांना लिहितेय. आणि अनुभव नाही हे वाक्य काढा म्हणालात ते मलाही मान्य आहे, कारण दुसऱ्या वर्षात अनुभव नसतो हे वाचणाऱ्याला माहीतच असतं, त्याची माफी कशाला मागायची. फक्त त्या जागी मूट आणि सर्टिफिकेट असा भराव टाकू नये.

कारकून_अण्णा
मी एका वकीलसाहेबांकडं क्लार्क हाय, लई वर्सं झाली. खरं सांगू का, मेल साहेब बघत नाहीत लवकर. आमच्याकडं मेल मीच उघडतो, नायतर ज्युनियर. साहेब कोर्टाच्या व्हरांड्यात मॅटर पुकारायची वाट बघत मोबाईलवर चाळतात, वरच्या तीन ओळी दिसतात तेवढ्याच. त्या तीन ओळीत कोण, कधी येणार आणि काय येतंय हे नसलं तर पुढं वाचत नाहीत. न्यायाची ओढ बिढ सगळेच लिहितात ओ. आणि पोरीनं एकदा समक्ष येऊन जावं, संध्याकाळी पाचनंतर, कोर्टाच्या टायमाला नको.

तिसरी_बेंच
समक्ष जायचं म्हणजे न विचारता? मला कुणीतरी सांगितलेलं की काही वकिलांना आवडत नाही ते.

जुनं_दप्तर
यावर माझं आणि अण्णांचं जमणार नाही. मला न सांगता कुणी आलेलं नको असतं. माझ्या शेजारच्या चेंबरमधल्या वकिलांना उलट आलेला माणूसच आवडतो. मेल आधी पाठव, आठवड्यानं उत्तर नाही आलं तर चेंबरच्या नंबरवर फोन करून क्लार्कला विचार की येऊ का. क्लार्कशी नीट बोलायचं, निम्मं काम तिथंच होतं.

गट_नंबर_वाला
माझं काय झालं पण? फेरफार काढला आज. वर्दी काकांनी दिलेली आहे, वारस दोनच दाखवलेत. नोटीस आमच्या पत्त्यावर गेल्याचं काही दिसत नाही. नोंद चार वर्षांपूर्वीची.

जुनं_दप्तर
फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपील असतं, मुदत साठ दिवसांची, तुमची गेलीय म्हणून विलंब माफीचा अर्ज जोडावा लागेल आणि त्यात हा फेरफार तुम्हाला कधी आणि कसा कळला हे नेमकं लिहावं लागेल. पण फेरफारानं मालकी ठरत नाही, काका ऐकत नसतील तर शेवटी वाटणीचा दावा दिवाणी कोर्टात. आजच्या फेरफार उताऱ्याची पावती जपून ठेवा आणि स्थानिक वकिलांना समक्ष भेटा. वेगळा धागा काढा, इथं या मुलीचं काम चाललंय.

उदगावची_पोर
सर, मग मी केंद्राचं लिहिताना अशी एखादी केस सांगू का? म्हणजे मागच्या दिवाळीत एकाचं हक्कसोडपत्र आलेलं, त्यात बहिणीची सही...

जुनं_दप्तर
नको, आणि इथंही पुढं लिहू नकोस. दुकानात आलेल्या माणसाची गावं, गट नंबर, नावं पत्रात गेली की वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो की ही आमच्या अशिलांच्या गोष्टीही अशाच बाहेर सांगेल. घरच्या जमिनीचा वाद चालू असेल तर तोही लिहायचा नाही, कदाचित समोरच्या पार्टीचे वकील त्याच मॅडम असतील. कुठल्या प्रकारचे कागद हाताळले तेवढंच लिही. वारस, खरेदी, बोजा, हक्कसोड, वाटणी, यातलं जे खरंच वाचता येतं तेच.

आणि एक काम कर. अनुभवाच्या जागी एक नमुना जोड. हायकोर्टाच्या साईटवरून वाटणीच्या सेकंड अपीलचं कुठलंही एक निकालपत्र घे आणि त्यातून लिस्ट ऑफ डेट्स तयार कर, एका पानात. डाव्या बाजूला तारीख, मधे काय घडलं ते एका वाक्यात, उजवीकडे निकालातला परिच्छेद क्रमांक. स्वतःचं मत कुठं नको. निकालपत्र सगळ्यांसाठी खुलं असतं त्यामुळं गुप्ततेचा प्रश्न नाही, आणि पुन्हा चेंबरमध्ये तुला पहिलं काम हेच मिळणार आहे.

उदगावची_पोर
केली. वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ गेला कारण निकालात घटना तारखेप्रमाणे येत नाहीत, आधी दावा येतो मग मागं जाऊन मूळ मालक वारल्याचं येतं. माझ्या यादीत असं आलं: मूळ मालकाचा मृत्यू, वारस नोंद, काही वर्षांनी एका भावानं केलेलं खरेदीखत, दावा दाखल, दाव्याचा निकाल, हायकोर्टात सेकंड अपील दाखल, निकाल. बरोबर वाटतंय का?

जुनं_दप्तर
दावा आणि सेकंड अपील याच्या मधे काय झालं?

उदगावची_पोर
अरे हां, जिल्हा न्यायालयातलं पहिलं अपील. ते एका ओळीत होतं.

जुनं_दप्तर
ती ओळ सगळ्यात महत्त्वाची. सेकंड अपीलची नव्वद दिवसांची मुदत पहिल्या अपिलाच्या डिक्रीपासून मोजतात, दाव्याच्या निकालापासून नाही. ती तारीख यादीत नसेल तर अपील मुदतीत आहे की नाही हेच कळत नाही. नकलेसाठी लागलेला वेळ वजा होतो, पण नक्कल कधी मागितली आणि कधी मिळाली हे निकालपत्रात नसतं, ते नकलेच्या मागच्या शिक्क्यावर असतं, ते तुला इथं सापडणार नाही, सोडून दे. पहिल्या अपिलाची ओळ घाल, परत एकदा सगळ्या तारखा निकालाशी ताडून बघ आणि जोड.

तिसरी_बेंच
मॅडमच्या मॅटर जमिनीच्या आहेत हे पत्रात लिहायचं का? ईकोर्ट्सवर वकिलाच्या नावानं शोधलं की सगळं दिसतं, पण तसं लिहिलं तर मागावर आहोत असं वाटेल.

सीबीडी_बेलापूर
मला तर आवडेल कुणी एवढं बघून लिहिलं तर. पण पार्टीची नावं आणि केस नंबर नको.

उदगावची_पोर
हे बघा आता. इंग्रजीत पाठवणार, इथं मराठीत:

"आदरणीय मॅडम, मी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात कोल्हापुरात शिकते. 25 मे ते 20 जून या काळात आपल्या चेंबरमध्ये इंटर्न म्हणून काम करण्याची परवानगी मागते आहे. जमिनीच्या अपिलांमधले मराठी कागद, हस्तलिखित फेरफारासह, मी वाचू, टाईप करू आणि त्यांचं इंग्रजीत कच्चं भाषांतर करू शकते.

माझ्या मामांच्या महा ई-सेवा केंद्रात कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये मी काम करते. सातबारा, आठ अ आणि फेरफार यांचे उतारे काढणं, वारस आणि बोजा नोंदींचे अर्ज भरणं आणि लोकांना त्यांच्या नोंदी वाचून दाखवणं हे काम मी करते. सर्किट बेंचच्या बोर्डावर आपल्या बऱ्याच मॅटर दिवाणी अपिलांच्या दिसल्या, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

कॉन्ट्रॅक्ट आणि टॉर्ट्स हे विषय झाले आहेत, सीपीसी अजून व्हायचं आहे. पहिले दोन आठवडे कोर्टाच्या सुट्टीत येतात याची मला कल्पना आहे, त्या काळात फायलिंगच्या तयारीत, पान क्रमांक, इंडेक्स, टाईप प्रती यांत मदत करू शकेन. सोबत माझा एक पानी परिचय आणि हायकोर्टाच्या एका प्रकाशित निकालावरून मी तयार केलेली लिस्ट ऑफ डेट्स जोडली आहे."

जुनं_दप्तर
चांगलं झालंय. दोन गोष्टी. "कच्चं भाषांतर" हा शब्द ठेव, तो प्रामाणिक आहे, भाषांतर बरोबर असल्याची सही शेवटी वकिलाची असते. आणि पहिले दोन आठवडे सुट्टीत हे यंदाच्या कॅलेंडरवर बघून लिहिलंयस ना? कोर्ट उघडायची तारीख दरवर्षी थोडी पुढेमागे होते. बघितलं नसशील तर ते वाक्य "सुट्टीचे दिवस" असं मोघम कर.

कारकून_अण्णा
पत्र झ्याक. मेलच्या सब्जेक्टमधी तारखा टाक गं पोरी, "इंटर्नशिप" एवढंच नको, तसले ढीगभर येतात. आणि येताना पांढरा शर्ट, काळी पँट, काळा कोट, टाय, कोर्टात आत बसायचं असलं तर लागतंय.

सीबीडी_बेलापूर
स्टायपेंडचं काही लिहायचं नाही का? आता मुलांनी विचारायला हवं असं माझं मत आहे. जायचं-यायचं एसटीचं भाडं तरी.

कारकून_अण्णा
पत्रात नको. आमच्याकडं साहेब महिना झाला की कायतरी देतात, पण मागून घेतलं तर नाय आवडत.

जुनं_दप्तर
मी जाण्यायेण्याचा खर्च देतो आणि मुलांनी विचारलेलं मला चालतं, पण हो म्हटल्यावर, पहिल्या भेटीत. पत्रात लिहावं की नाही यावर वकील मंडळींत एकमत नाही. इथं कुणी मॅडमच्या चेंबरमध्ये काम केलेलं असेल तर त्याने सांगावं.

उदगावची_पोर
कॅलेंडर बघितलं, तारखा थोड्या बदलल्या. सब्जेक्टमध्ये पण टाकल्या. यादीतल्या तारखा मामानं पण निकालाशी ताडून दिल्या. आज रात्री पाठवते, उत्तर आलं की इथंच कळवते.

गट_नंबर_वाला
ताई, फेरफारावर नोटीसीच्या रकान्यात "बजावली" असा शिक्का आहे पण कुणाची सही नाही. याचा काय अर्थ?